बोट, फेस आणि मिरपूड: इंग्लिश स्वर घसरतो म्हणजे नेमकं काय होतं?

खारी_बिस्कीट

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, ऑफिसच्या कामासाठी चार महिने झाले ओहायोत आहे. गेल्या आठवड्यात इथल्या एका मोठ्या किराणा दुकानात मिरपूड शोधत होतो, सापडेना म्हणून तिथल्या माणसाला विचारलं पेपर कुठे मिळेल, तर तो अगदी अगत्याने मला टॉयलेट पेपर आणि किचनच्या कागदी रोलांच्या रांगेत घेऊन गेला. मी परत म्हटलं पेपर, त्याने परत तेच रोल दाखवले. ब्लॅक पेपर म्हटल्यावर तर तो शाळेच्या सामानाकडे निघाला, काळे कागद असतील तर तिथे. शेवटी फोनवर मिऱ्यांचा फोटो दाखवला तेव्हा काम झालं.

ऑफिसात उच्चार शिकवायला एक बाई येतात, त्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या तुझे ए आणि ओ सपाट आहेत, इंग्लिशमधे हे स्वर घसरतात, तू एका जागी धरून ठेवतोस. मग पाण्यातली बोट आणि चेहऱ्याचं फेस हे दोन शब्द दहा-बारा वेळा म्हणून घेतले. मी साधं बोट म्हटलं की त्या म्हणतात सपाट, बो-ऊट म्हटलं की म्हणतात दोन तुकडे झाले. मला दोन्हीच्या मधलं काही ऐकूच येत नाहीये. आपल्याकडे ते बोट आणि ती बोट, दोन्ही उच्चाराला एकच ना, मग हे घसरणं कुठून आणायचं? कुणी नीट समजावून सांगेल का?

सह्याद्री_भटक्या

सोपं आहे हो. आपल्याकडे औ आहे ना, तोच वापरायचा. बोट नाही, बौट. नो नाही, नौ. गो नाही, गौ. मी एका हिंदी व्हिडिओत बघितलं होतं, त्यात पण असंच सांगितलं होतं की जोडस्वर म्हणजे ऐ आणि औ. मराठीत चौदा म्हणता येतं तर बौट का नाही म्हणता येणार?

लंबक

भटक्या, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण ज्या अर्ध्यात चूक आहे तिथे खारी_बिस्कीट यांची पंचाईत होईल म्हणून लिहितेय. (ध्वनिशास्त्र शिकलेय, पाच वर्षं शिकवलंय.)

मराठी औ खरंच घसरता स्वर आहे. चौदा, मौन, कौल म्हणून बघा, सुरुवात अ ला होते आणि शेवट उ ला. लंडनकडचे लोक बोट म्हणतात तेव्हा त्यांचीही सुरुवात अ च्या आसपासच होते, त्यामुळे त्यांच्या कानाला तुमचं बौट फारसं खटकणार नाही. पण हे गृहस्थ ओहायोत आहेत. तिथला स्वर ओ ला सुरू होतो आणि उ कडे जातो. तिथे नकारार्थी नो च्या जागी नौ म्हटलं तर समोरच्याला 'आत्ता' या अर्थाचा इंग्लिश शब्द नाउ ऐकू यायची बरीच शक्यता आहे, कारण आपला अ ठसक्यात म्हटला की तोंड जरा जास्तच उघडतं. कुणी विचारलं काम झालं का आणि तुम्हाला म्हणायचंय नाही, त्याला ऐकू आलं आत्ता.

आणि हिंदी व्हिडिओ मराठी माणसाने जपूनच बघावेत. हिंदीतला कौन आणि मराठीतला कौल यातला औ अक्षराने एक, आवाजाने दोन. दिल्लीकडचा कौन आपल्या ऑ च्या जवळचा आणि जागचा न हलणारा असतो. पैसा शब्दाचंही तेच, आपण पइसा म्हणतो, ते म्हणत नाहीत.

आता घसरणं. तुम्ही घाईत 'होऊ दे' म्हणता ना, अगदी दुर्लक्ष केल्यासारखं, होउदे, त्यातला हो पासून उ पर्यंतचा तुकडा अमेरिकन ओ च्या फार जवळ आहे. तसंच घाईतलं 'देईन'. सावकाश म्हटलं तर दे-ई-न, पण रिक्षावाल्याला 'देइन की वीस जास्त' म्हणताना तो सगळा एकाच झटक्यात जातो, तिथे ए मधून इ कडे जीभ सरकते, तेच फेसमधलं सरकणं. म्हणजे हालचाल तुमच्या तोंडाला माहीत आहे, फक्त मराठीत ती दोन स्वर शेजारी आले की होते आणि लिहितानाही दोन अक्षरं लागतात. इंग्लिशमधे तो एकच स्वर आहे, एकच टाळी. पहिला भाग लांब आणि जोरात, शेवट नुसता सुटत गेलेला, पूर्ण ई पर्यंत किंवा ऊ पर्यंत पोचायचंच नाही.

आणखी एक, बोट आणि फेस या शब्दांवर सराव करू नका. इंग्लिशमधे ट, स, क, प असलं काही पुढे आलं की स्वर आखडतो, घसरायला जागाच उरत नाही, नवशिक्याच्या कानाला ते पकडणं अवघड. शब्दाच्या शेवटी जिथे स्वर मोकळा आहे तिथे ऐका, दिवसाचा डे, जा म्हणायचं गो. ते जमलं की मग बोटीत बसा.

आरती_जर्सी

माझं उलटं आहे, इथे विचारलं तर चालेल ना? माझी मुलगी नऊ वर्षांची, जन्म इकडचाच. मराठी बोलते, आजीशी रोज व्हिडिओ कॉल असतो. पण ती 'ते दे' म्हणते ते ऐकायला 'तेइ देइ' येतं. हो म्हणते ते होउ. मोर म्हणते त्यात मो म्हणताना ओठ सारखे हलत असतात. शब्द सगळे बरोबर, व्याकरण बरोबर, पण सासूबाई म्हणतात हिचं मराठी विंग्रजी लागतं. मला इतके दिवस वाटायचं त आणि द नीट येत नाहीत म्हणून तसं वाटतं. हा धागा वाचून काल नीट ऐकलं तर त द बरेच बरे आहेत, स्वरच घसरतायत.

लंबक

आरती, विचारलंत ते फार बरं झालं. नाण्याची दुसरी बाजूच आहे ती. खारी_बिस्कीट यांच्या कानाला हलणारा ओ ऐकू येत नाही आणि तुमच्या लेकीच्या कानाला न हलणारा ओ ऐकू येत नसणार, तिच्यासाठी दोन्ही एकच.

तिला नियम सांगू नका, आरसा द्या. 'ओ' म्हणून चार सेकंद धरायला सांगा आणि ओठांकडे बघायचं. गोल केलेले ओठ शेवटपर्यंत तेवढेच राहिले पाहिजेत, तिचे आवळत जातील. ए ला हनुवटीवर बोट ठेवायचं, हनुवटी वर जायला लागली की इ कडे सरकली. गाणं शिकत असेल तर आणखी सोपं, एका सुरावर ए धरायचा. आणि आवाज बंद करताना ओठ-हनुवटी हलवायची नाही, नुसता श्वास थांबवायचा, कारण घसरणं बहुतेक शेवटच्या टप्प्यातच होतं.

दगडी_शहर

मी ॲबर्डीनला आहे, सहा वर्षं. इथे तर कुणी काही घसरवत नाही! इथले लोक बोट म्हणतात ते जवळजवळ आपल्या आजोबांसारखं, डे म्हणतात तेही एका जागी. माझा उच्चार बोट-गोट-होम च्या बाबतीत इथे कधीच कुणाला खटकला नाही. मग ही ट्रेनर मंडळी ज्याला चूक म्हणतात ती चूक कशी काय? स्कॉटलंडचं इंग्लिश चुकीचं म्हणायचं का?

निवृत्त_मास्तर

दगडी_शहर यांनी अगदी मर्मावर बोट ठेवलं. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं म्हणून थोडं जुनं सांगतो. इंग्रजीत हे स्वर पूर्वीपासून घसरत नव्हतेच. चॉसरच्या काळी, म्हणजे चौदाव्या शतकात, आज आपण ज्याला नेम म्हणतो त्या शब्दात लांब आ होता, आपल्या 'नाम'च्या जवळपास, स्पेलिंगमधलं a हे अक्षर तेव्हाचंच राहिलंय. पुढे काही शतकं तो आ जिभेबरोबर वर वर सरकत ए पाशी आला आणि तिथे बराच काळ स्थिर होता. दक्षिण इंग्लंडात त्याचं एइ झालं ते साधारण 1800 च्या आसपास. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडचा बराच भाग ए वरच थांबला. ओ चंही तसंच.

आता माझं मत. मुंबईत जॉन विल्सन 1829 साली आले, ते स्कॉटिश होते, त्यांचं कॉलेज अजून आहे. आपल्याकडे सुरुवातीला इंग्रजी शिकवणारे असे स्कॉटिश मिशनरी बरेच होते. तेव्हा आपला स्थिर ए-ओ त्यांच्याकडून आला असणार, म्हणजे तो अशुद्ध नाही, उलट परंपरेने आलेला आहे.

लंबक

मास्तर, इतिहासाचा भाग पूर्ण मान्य. विल्सनसाहेबांबद्दल मात्र माझं मन तयार होत नाही. मराठीत घसरणारा ए नाहीच, त्यामुळे अगदी लंडनच्या माणसाकडून शिकलो असतो तरी आपण आपल्या जवळच्या ए मधेच तो शब्द ऐकला असता. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूसही केक, टेबल, रेल्वे असंच म्हणतो ना, त्याला कुणी स्कॉटिश शिक्षक नव्हता. स्कॉटिश मास्तरांनी ते पक्कं केलं असेल, पण तेच मूळ असं म्हणायला निव्वळ साम्य पुरत नाही.

निवृत्त_मास्तर

केक आणि टेबल हे शब्द त्या माणसाने ज्यांच्या तोंडून ऐकले ते शाळेत शिकलेलेच होते की. असो, मी माझ्या मतावर आहे.

खारी_बिस्कीट

सगळ्यांचे आभार. होऊ दे आणि देईन दोन दिवस म्हणतोय, रूममेट वैतागलाय. डे अजून डे-ई होतो, गो जरा बरा आहे. पण एक शंका राहिलीच. दगडी_शहर म्हणतायत सपाट बोलूनही काही अडत नाही. मग माझं मिरपुडीचं का अडलं?

लंबक

तुमची गोष्ट परत एकदा वाचा. त्या माणसाने तुमच्या तोंडून काय ऐकलं? कागद. म्हणजे तुमचा सपाट ए त्याने कुरकुर न करता कागदाच्या पेपरचा ए म्हणून घेतला, न घसरताही! तिथे घसरणं कमी पडलंच नाही. तुम्हाला म्हणायची होती मिरपूड, तिच्यात हा स्वर नाहीच, तिच्यात आखूड, सैल आणि जरा जास्त उघडा ए आहे. तुमच्या ट्रेनरबाईंनी खरंखुरं वैशिष्ट्य ओळखलं, पण तुमच्या दुखण्याला औषध दुसरंच हवंय.

मराठीत ए एकच. त्यामुळे इंग्लिशमधल्या दोन वेगळ्या खोल्यांतली माणसं आपण एकाच खोलीत कोंबतो. दुकानात सेल लागलाय आणि रिमोटचे सेल संपलेत, दोन्ही सेल. उद्या टेस्ट आहे आणि भाजीला टेस्ट नाही, दोन्ही टेस्ट. लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन. मी इथे देवनागरीत लिहितेय तर मलाही दोन वेगळे दाखवता येत नाहीयेत, प्रत्येक वेळी अर्थ सांगावा लागतोय, यातच सगळं आलं.

इंग्लिश बोलणारा या जोड्या दोन-तीन खुणांनी ओळखतो. घसरणं ही एक खूण, लांबी दुसरी, आणि तोंड किती उघडलंय ही तिसरी. स्कॉटिश माणूस घसरवत नाही, पण त्याची चव आणि परीक्षा वेगळीच ऐकू येते कारण परीक्षेच्या टेस्टला तो तोंड जास्त उघडतो. म्हणून ॲबर्डीनला कुणाचं अडत नाही. आपण घसरवतही नाही आणि उघडतही नाही.

ओ च्या बाजूला आपण नशीबवान, कारण ऑ आहे. पाण्यातली बोट आणि विकत घेतल्याचं बॉट, भोक म्हणजे होल आणि मोठी खोली म्हणजे हॉल, आपोआप वेगळे पडतात. तिथे घसरला नाही ओ तरी सहसा काम भागतं. (क्रिकेटमधल्या बोलरला आपण बॉलर करतो ते निराळं, तिथे बॉल शब्द डोक्यात असतो.) त्यामुळे मी तुमच्या जागी असते तर बोटीवर एक तास घालवला असता आणि मिरपुडीवर दहा.

सह्याद्री_भटक्या

हे पटलं. पण मग पेपरला ॲ लावायचा ना सरळ, पॅपर? आपल्याकडे ॲ आहेच की.

लंबक

नको, मग पेनचं पॅन होईल, लेखणी मागितली तर तवा मिळेल. उघडा ए आपल्या ए आणि ॲ च्या मधे कुठेतरी बसतो, आणि मराठी माणसाला नेमकी तिथेच जागा बनवायची असते. युक्ती अशी की क्रिकेटची बॅट म्हणा, हनुवटीवर बोट ठेवून, मग जबडा थोडासाच वर घ्या, ए पर्यंत नको, आणि स्वर पटकन तोडा. तीच पैजेची बेट. आमिषाची बेट हवी असेल तर मराठी ए ला सुरू करा आणि देईनसारखं सरकवा.

कानावर विश्वास बसत नसेल तर Praat नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलेला. त्यात चार शब्द रेकॉर्ड करा: मराठी बेट (समुद्रातलं), आमिषाची बेट, पैजेची बेट, क्रिकेटची बॅट. View & Edit उघडा, Formants मेन्यूमधे Show formants लावा, लाल ठिपक्यांच्या रेषा दिसतील. पुरुषाचा आवाज असेल तर वरची मर्यादा 5000 हर्ट्झ ठेवा, बाईचा असेल तर 5500, नाहीतर ठिपके भलतीकडे पसरतात. खालची पहिली रेषा तोंड उघडलं की वर जाते, दुसरी रेषा जीभ पुढे गेली की वर जाते. मराठी बेटमधे दोन्ही रेषा रुळांसारख्या सरळ जातात. आमिषाच्या बेटमधे पहिली खाली आणि दुसरी वर, मधलं अंतर वाढत जातं. व्यंजनाच्या कडेला रेषा वाकतातच, ते घसरणं समजू नका, स्वराचा मधला भाग बघा. तुमचे 'दोन तुकडे' पण दिसतील: रेषा सपाट, मग उडी, मग परत सपाट, जिन्यासारखी. हवी आहे ती घसरगुंडी.

मांडवीकाठ

मी गोव्याची, घरी कोंकणी. आमच्यात उघडा ए आणि मिटलेला ए वेगवेगळे आहेत, उघडा-मिटलेला ओ पण, लिहिताना दिसत नाहीत पण बोलताना अर्थ बदलतो. त्यामुळे शाळेत मिरपूड-कागद कधी अडलं नाही. पण घसरणं माझंही नाहीच, डे सपाटच. म्हणजे लंबक म्हणतायत ते माझ्या बाबतीत खरं निघालं, सपाट बोलूनही गैरसमज होत नाहीत. ज्यांच्या ओळखीत गोव्याचं कुणी असेल त्यांनी त्यांच्याकडून तो उघडा ए ऐकून घ्यावा, व्हिडिओपेक्षा बरं.

आरती_जर्सी

आरशाचं काम झालं थोडं. ओ धरायला तिला खेळ वाटतो, सहा-सात सेकंद ओठ न हलवता धरते आता. पण बोलायला लागली की परत होउ. मोर मात्र सुधारला, पुढे र आहे म्हणून असेल का? शेवटी ओ असलेले सगळे शब्द जसेच्या तसे आहेत.

लंबक

हो, शब्दाच्या शेवटी घसरायला सगळ्यात मोकळी जागा असते, ते सगळ्यात शेवटी सुधारणार. आणि अमेरिकन इंग्लिशमधे र च्या आधी तो ओ तसाही फारसा घसरत नाही, त्यामुळे मोर तिला सोपा गेला. 'हो' सुटं म्हणण्यापेक्षा 'होका', 'होना' असं पुढे काहीतरी चिकटवून म्हणायला लावा, मग हळूहळू मागचं काढा.

खारी_बिस्कीट

Praat लावलं. मराठी बेटच्या रेषा खरंच रुळासारख्या निघाल्या. पैजेची बेट पहिल्या दिवशी त्याच रुळावर होती, अगदी एकावर एक, मला ऐकताना मात्र वेगळी वाटत होती! आज पहिली रेषा वर सरकलीय, बॅट आणि बेट यांच्या साधारण मधे. आमिषाची बेट अजून जिना आहे, दोन पायऱ्यांचा.

काल परत त्याच दुकानात गेलो, मिरपूड घरात आहे तरी. दुसरा माणूस होता. जबडा सैल ठेवून, आखूड तोडून विचारलं, त्याने न थांबता मसाल्यांच्या रांगेचा नंबर सांगितला. मग जाताजाता कागदाचा पेपर विचारून बघितला, मुद्दाम सपाट, तर तोही कळला त्याला.

ट्रेनरबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या छान, पण बोट अजून सपाट आहे. पुढच्या गुरुवारी गोल, कोल्ड, ओल्ड असले ल वाले शब्द घेणार आहेत, आणि त्यांच्या मते ल च्या आधी ओ आणखी वेगळा होतो. लंबक, तिथे काय होतं? मला तर ओ आणि ल मधे काहीच ऐकू येत नाही.

लंबक

तिथे इंग्लिश ल ची मागची बाजू जाड असते, जीभ मागे ओढली जाते आणि ओ तिच्याबरोबर मागे जातो, ओठ आवळायच्या आधीच ल सुरू. मराठी ल पातळ आहे, म्हणून तुम्हाला तिथे नुसता स्वर बदलून चालणार नाही. गोलचं रेकॉर्डिंग टाका, मराठी गोल आणि इंग्लिश गोल दोन्ही. रेषा बघून सांगते.